हॉल्टिंग प्रॉब्लेम: मशीनला ‘हो’ म्हणता येतं, मग ‘नाही’ का म्हणता येत नाही?

तन्मय_कॉलेजरोड

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टीओसीची, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनची, एंडसेम तोंडावर आली आहे आणि एका जागी मी पुरता अडलो आहे.

वर्गात हॉल्टिंग प्रॉब्लेमचा पुरावा असा झाला. समजा `halts(p, x)` नावाचा प्रोग्राम आहे आणि ‘`p` हा प्रोग्राम `x` या इनपुटवर थांबेल का’ याचं तो दर वेळी खरं उत्तर देतो. मग त्याच्यावरून हा दुसरा प्रोग्राम लिहायचा:

```python
def d(p):
    if halts(p, p):
        while True: pass
    else:
        return
```

आता `d` ला स्वतःचाच मजकूर द्यायचा. थांबतो म्हणावं तर तो फिरत बसतो, थांबत नाही म्हणावं तर तो थांबतो. म्हणजे `halts` असूच शकत नाही. इथपर्यंत पटलं.

पण लगेच पुढच्या तासाला सरांनी सांगितलं की हॉल्टिंगची लँग्वेज, म्हणजे थांबणाऱ्या सगळ्या `p`, `x` जोड्यांचा संच, डिसायडेबल नसली तरी रेकग्नायझेबल आहे. डिसायडर प्रत्येक जोडीला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो, रेकग्नायझरने संचातल्या जोडीला कधी तरी ‘हो’ म्हटलं की पुरे, बाकीच्यांवर तो कायम गप्प राहिला तरी चालतं. माझा प्रश्न असा: वरच्या पुराव्यात `halts` च्या जागी रेकग्नायझर ठेवला तर तोच विरोधाभास का येत नाही? आला तर रेकग्नायझरही अशक्य ठरेल. येत नसेल तर पुरावा नेमका कोणत्या ओळीवर अडतो? नोट्समध्ये दोन व्याख्या आहेत आणि पुरावा आहे, पण या दोन गोष्टींना जोडणारं काही सापडत नाही.

मेनरोडवाला

निमाणीला बसची वाट बघत उभा राहा. बस आली की आली हे कळतं. नाही आली तर ‘आता येणारच नाही’ हे कोणत्या क्षणी कळेल? झाला तुझा रेकग्नायझर. पेपरला हे लिहू नकोस मात्र.

सातपूरकर

@मेनरोडवाला, बसला शेवटची फेरी असते हो. रात्री स्टँडवरचा माणूसच सांगतो, घरी जा म्हणून.

तन्मय, मी पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं प्रोग्रामिंग करतो, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमध्ये. आमच्याकडे हा प्रश्न रोज सुटतो. पीएलसी आपला प्रोग्राम पुन्हापुन्हा वरून खाली चालवतो, त्याला स्कॅन म्हणतात. स्कॅनला ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला की वॉचडॉग टायमर उडतो, सीपीयू फॉल्टमध्ये जातो आणि आउटपुट बंद होतात. प्रोग्राम लूपमध्ये अडकला हे असं लगेच कळतं. मग अशक्य ते काय? टाइमआउट लावा, विषय संपला.

अद्वैत_टेस्टर

टाइमआउटने होत नाही काका, पण ते बाजूला ठेवू. तन्मय, तू तक्ता काढ. डाव्या बाजूला सगळे प्रोग्राम, वरच्या ओळीत त्याच प्रोग्रामांचे मजकूर इनपुट म्हणून. प्रत्येक चौकोनात ‘थांबतो’ किंवा ‘थांबत नाही’. आता डावीकडून खाली उजवीकडे जाणारा कर्ण घे आणि त्यातली प्रत्येक नोंद उलटी कर. ही उलटी ओळ तक्त्यातल्या कुठल्याच ओळीशी जुळत नाही, कारण प्रत्येक ओळीशी निदान कर्णावरच्या चौकोनात तरी तिचं भांडण आहे. `d` म्हणजे ही उलटी ओळ. कँटरने १८९१मध्ये हीच युक्ती वापरली होती.

आता रेकग्नायझर घेतलास तरी तक्ता तोच, कर्णही तोच. त्यामुळे माझ्या मते तुझी शंका रास्त आहे. रेकग्नायझर म्हणजे फक्त उशिरा उत्तर देणारा डिसायडर, एवढाच फरक.

तन्मय_कॉलेजरोड

तक्ता छान समजला. पण शेवटचं वाक्य खरं धरलं तर सरांचं चुकतंय, आणि ते इतकं उघड चुकणार नाहीत.

सुनंदा_म

मी हा विषय बरीच वर्षं शिकवला आहे, आता निवृत्त आहे. तन्मय, तुझा प्रश्न पेपरात येणाऱ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अद्वैत, तक्ता अगदी बरोबर मांडलास. फक्त तो कोण भरतंय ते बघ. डिसायडर भरत असेल तर प्रत्येक चौकोनात काही ना काही लिहिलं जातं. रेकग्नायझर भरत असेल तर फक्त ‘थांबतो’ एवढंच लिहिलं जातं. बाकीचे चौकोन कोरे राहतात. आणि कोऱ्या चौकोनाकडे बघून ‘इथे नाही आहे’ असं म्हणता येत नाही, कारण तिथे काम अजून चालूच असतं. उद्या कदाचित ‘थांबतो’ उमटेल.

चार प्रोग्राम घेऊ. पहिला कुठलंही इनपुट आलं की लगेच थांबतो. दुसरा कुठल्याही इनपुटवर कायम फिरतो. तिसरा इनपुटमधली अक्षरं मोजतो, संख्या सम असेल तर थांबतो, विषम असेल तर फिरत बसतो, आणि त्याच्या स्वतःच्या मजकुरात ६१ अक्षरं आहेत असं धरू. चौथा इनपुटमध्ये `while` हा शब्द शोधतो, सापडला तर थांबतो, नाही तर फिरतो. त्याच्या स्वतःच्या मजकुरात तो शब्द आहेच.

म्हणजे कर्णावर क्रमाने येतं: थांबतो, नाही, नाही, थांबतो. उलट केलं की `d` ने करायचं ते हे: फिरणं, थांबणं, थांबणं, फिरणं.

आता `halts` च्या जागी रेकग्नायझर ठेव. सर्वांत साधा रेकग्नायझर म्हणजे `p` ला `x` वर सरळ चालवून बघायचं आणि तो थांबला की ‘हो’ म्हणायचं. `d` ला पहिल्या प्रोग्रामचा मजकूर दे. रेकग्नायझर ‘हो’ म्हणतो, `d` फिरत बसतो. ठरल्याप्रमाणे झालं. आता दुसऱ्याचा मजकूर दे. इथे `d` ने थांबायला हवं. पण तो `if` च्या ओळीवर रेकग्नायझरच्या उत्तराची वाट बघतोय आणि ते उत्तर कधीच येणार नाही. `else` पर्यंत तो पोचतच नाही. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला पुन्हा ‘हो’ येतं आणि तो फिरतो.

म्हणजे हा नवा `d` कुठल्याच इनपुटवर थांबत नाही. त्याची ओळ कर्णाच्या उलट तर नाहीच, उलट ती तक्त्यात आधीपासून आहे, दुसऱ्या प्रोग्रामची. `d` ला स्वतःचा मजकूर दिला तर तो थांबत नाही, रेकग्नायझर त्याबद्दल गप्प राहतो, आणि ‘थांबत नाही’ असलेल्या जोडीवर गप्प राहायची त्याला मुभाच आहे. विरोधाभास कुठेच नाही. तुझा पुरावा अडतो तो `if` च्या ओळीवर.

तन्मय_कॉलेजरोड

मॅडम, म्हणजे `else` ही सगळ्यात महत्त्वाची ओळ! मी आतापर्यंत सगळं लक्ष `while True` वर ठेवून होतो.

सुनंदा_म

हो. आणि याच्या पुढचं पाऊल तू स्वतः टाकून बघ. `d` ला डिसायडरकडून ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही लागतात, की त्यातलं एकच? मी सांगत नाही.

सातपूरकर, तुमच्या वॉचडॉगबद्दल. तो उत्तम उपकरण आहे आणि त्याचा निर्णय पक्का असतो, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘हा स्कॅन १५० मिलिसेकंदांत पूर्ण होतो का’ हा प्रश्न डिसायडेबलच आहे. चालवा, १५० मिलिसेकंद थांबा, उत्तर मिळालं. ‘कधी तरी पूर्ण होतो का’ याबद्दल वॉचडॉग काहीच बोलत नाही. १५१व्या मिलिसेकंदाला संपणारा स्कॅन आणि कधीच न संपणारा स्कॅन त्याच्या लेखी सारखेच.

सातपूरकर

मॅडम, हे पटलं. आमच्याकडे झालंही आहे तसं. एका मशीनवर रेसिपीचा तक्ता मोठा केला आणि वॉचडॉग उडायला लागला. दोन दिवस आम्ही अनंत लूप शोधत होतो. लूप मुळात नव्हताच, शोधायलाच जास्त वेळ लागत होता. मर्यादा वाढवली आणि चाललं.

पण माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. खऱ्या यंत्राची मेमरी मोजकी असते. मेमरीची तीच स्थिती हुबेहूब दुसऱ्यांदा आली की पुढे सगळं तसंच होणार, म्हणजे लूप पक्का. स्थिती मोजक्याच, म्हणून कधी ना कधी उत्तर मिळणारच. मग तुमचा हा ‘अशक्य’ प्रकार फक्त कागदावरच्या ट्युरिंग मशीनच्या अनंत टेपचा झाला ना?

सुनंदा_म

बाहेरून सेन्सरचे इनपुट बदलत नसतील तर तुमचा तर्क बरोबर आहे. १६ बिट मेमरीच्या यंत्राच्या स्थिती ६५,५३६. तेवढ्या पावलांत थांबलं नाही तर कुठली तरी स्थिती दुसऱ्यांदा आलीच, आणि मग ते कधीच थांबणार नाही. पण मेमरी फक्त १ किलोबाइट केली की ८,१९२ बिट होतात आणि स्थितींची संख्या लिहायला २,४६७ अंक लागतात. तत्त्वतः डिसायडेबल, पण तेवढी पावलं कुणी चालवू शकणार नाही. अनंत टेपचा प्रमेय मला म्हणूनच जास्त खरं सांगणारा वाटतो.

सातपूरकर

‘फार वेळ लागेल’ आणि ‘होऊच शकत नाही’ या दोन गोष्टी मी एक मानायला तयार नाही. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय, पण तुमचं वाचायला आवडतंय.

अद्वैत_टेस्टर

मॅडम, तुमचा रेकग्नायझर फारच भाबडा आहे, नुसता चालवून बघणारा. कामावर आम्ही कोड न चालवता तपासणारी टूल वापरतो. `while True` आहे आणि आत `break` किंवा `return` काहीच नाही हे बघून ती तिथेच सांगतात की इथून बाहेर पडता येणार नाही. म्हणजे ‘नाही’ म्हणता येतंच. अशी शेकडो लक्षणं शिकवत गेलो तर कोरे चौकोन भरत भरत संपणार नाहीत का?

गोदाकाठ

अद्वैत, पाच अवस्थांच्या ट्युरिंग मशीनच्या बाबतीत लोकांनी अगदी हेच केलं आहे. टेपवर दोनच चिन्हं, सुरुवातीला टेप कोरी. ४,७१,७६,८७० पावलं चालून मग थांबणारं असं एक मशीन १९८९मध्ये सापडलं होतं. त्याहून जास्त वेळ चालून थांबणारं पाच अवस्थांचं दुसरं मशीन नाही, हे २०२४मध्ये सिद्ध झालं. इंटरनेटवर एकत्र आलेल्या हौशी आणि जाणकार मंडळींनी ते केलं, आणि पुरावा कॉक नावाच्या प्रणालीत संगणकाकडून तपासून घेतला. त्यासाठी न थांबणाऱ्या मशीनना गटागटाने ‘नाही’ म्हणणारी वेगवेगळी तंत्रं लिहावी लागली. काही मशीन त्यातल्या कशातच बसेनात, त्यांच्यासाठी स्वतंत्र पुरावे रचावे लागले.

म्हणून ‘न थांबणाऱ्या प्रोग्रामबद्दल कधीच काही कळत नाही’ हा समज चुकीचा आहे. एकेकट्या प्रोग्रामचं कळू शकतं. सगळ्यांना पुरेल अशी एकच पद्धत मात्र नाही.

सुनंदा_म

गोदाकाठ, फार छान उदाहरण. त्याला कर्णाची जोड देते, कारण अद्वैतच्या प्रश्नाचं अचूक उत्तर तिथे आहे.

अद्वैत, तुझा हुशार रेकग्नायझर घे. थांबणाऱ्या प्रत्येक जोडीला तो ‘हो’ म्हणतो. न थांबणाऱ्यांपैकी जेवढ्या ओळखता येतील तेवढ्यांना ‘नाही’ म्हणतो, उरलेल्यांवर गप्प. खोटं कधीच बोलत नाही. आता याच्यावरून `d` लिही आणि `d` ला `d` चाच मजकूर दे. रेकग्नायझर ‘हो’ म्हणाला तर `d` फिरतो, म्हणजे तो खोटं बोलला. ‘नाही’ म्हणाला तर `d` थांबतो, म्हणजे पुन्हा खोटं. खोटं तर तो बोलत नाही. मग एकच मार्ग उरतो, तो गप्पच राहणार.

तो गप्प राहिला म्हणजे `d` त्या `if` वर कायमचा अडकला, म्हणजे `d` थांबत नाही. हे आपल्याला बाहेर बसून कळलं, तुझ्या टूलला कळलं नाही. तू म्हणशील, ही एक जोडी टूलमध्ये घालून टाकतो. जरूर घाल. पण टूल बदललं की त्याच्यावरून लिहिलेला `d` सुद्धा बदलला, आणि त्या नव्या `d` वर नवं टूल गप्प. कर्णाचा पुरावा म्हणजे नुसतं ‘अशक्य’ म्हणून हात झटकणं नव्हे. तुझं टूल दे, ते नेमकं कुठे गप्प बसेल ती जागा तो बोट ठेवून दाखवतो.

अद्वैत_टेस्टर

हे मी पहिल्यांदा वाचतोय. कोरा चौकोन कुठे आहे हे आधीच सांगता येतं, ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मेनरोडवाला

म्हणजे स्टँडवरचा माणूस कितीही जाणकार असू दे, एक बस अशी आहे की तिच्याबद्दल तो बोलणारच नाही. आणि ती बस त्याच्याच बोलण्याप्रमाणे चालते.

गोदाकाठ

थोडा इतिहास. ट्युरिंगच्या १९३६च्या लेखात प्रश्न थांबण्याचा नाहीच. त्याच्या लेखी चांगलं मशीन ते, जे न थांबता शून्य-एकचे अंक छापत राहतं. काही अंकांनंतर ज्याचं छापणं बंद पडतं ते बिघडलेलं. हॉल्टिंग प्रॉब्लेम हे नाव नंतरच्या लोकांनी रूढ केलं.

आणि तन्मयने विचारलेलं ‘अडतं कुठे’ ते त्या लेखात दाखवलेलं आहे. समजा चांगलं मशीन कोणतं हे ओळखणारी पद्धत आहे. ती वापरून ट्युरिंग असं मशीन रचतो, जे एकेक करून सगळ्या मशीनचे क्रमांक तपासतं, आणि चांगलं मशीन सापडलं की त्याचा कर्णावरचा अंक काढून छापतं. असं करत ते स्वतःच्याच क्रमांकाशी येतं. तिथे त्याला स्वतःनेच छापायचा पुढचा अंक काढायचा असतो आणि तो काढायला तोच अंक आधी हवा असतो. मशीन तिथेच अडकतं. अंक उलटवायचीही गरज पडत नाही. नुसता विरोधाभास दाखवला तर वाचणाऱ्याला कुठे तरी चूक असेल असं वाटत राहील, हे ओळखून त्याने अडकण्याची जागाच दाखवली.

तन्मय_कॉलेजरोड

मॅडम, तुमच्या प्रश्नावर काल रात्री अभ्यासिकेत बसलो होतो. `d` ला थांबायला फक्त ‘नाही’ लागतं. ‘हो’ मिळाल्यावर तो फिरतच बसतो, मग ‘हो’ ऐवजी काहीच उत्तर आलं नाही तरी त्याचं वागणं तेच राहतं. म्हणून मी `halts` पूर्ण काढून टाकला आणि फक्त न थांबणं ओळखणारा रेकग्नायझर धरला. तो न थांबणाऱ्या जोडीला ‘हो’ म्हणतो, थांबणाऱ्या जोडीवर गप्प राहिला तरी चालेल:

```python
def d(p):
    if never_halts(p, p):
        return
    while True: pass
```

आता `d` ला `d` दिला. `never_halts` ने ‘हो’ म्हटलं तर `d` थांबतो, म्हणजे तो खोटा ठरला. ‘नाही’ म्हणाला किंवा गप्प राहिला तर `d` थांबत नाही, म्हणजे ज्या जोडीला त्याने ‘हो’ म्हणायलाच हवं होतं तीच सुटली. दोन्हीकडून विरोधाभास! म्हणजे वर्गातला पुरावा डिसायडर नाही एवढंच सांगत नाही. न थांबण्याची लँग्वेज रेकग्नायझेबलसुद्धा नाही, हे त्याच पुराव्यात आहे. बरोबर?

सुनंदा_म

अगदी बरोबर. आणि आता तुझ्या मूळ प्रश्नाचं दुसरं टोकही हाताशी आलं. एखादी लँग्वेज आणि तिचा कॉम्प्लिमेंट, म्हणजे तिच्यात नसलेलं बाकी सगळं, दोन्ही रेकग्नायझेबल असतील तर ती डिसायडेबल असते, आणि उलटही खरं. हॉल्टिंगला ‘हो’ची बाजू आहे, ‘नाही’ची बाजू नाही. फरक तेवढाच आहे.

अद्वैत_टेस्टर

दोन्ही असतील तर सरळच आहे. आधी ‘हो’वाला चालवायचा, त्याने उत्तर दिलं नाही की ‘नाही’वाला.

तन्मय_कॉलेजरोड

अद्वैतदादा, ‘उत्तर दिलं नाही की’ हे कधी ठरवणार? पहिला कायम फिरत असेल तर दुसऱ्याची पाळीच येणार नाही. दोघांना आलटून पालटून एकेक पाऊल द्यायचं. कुठल्याही इनपुटवर दोघांपैकी एक जण नक्की ‘हो’ म्हणणार, कुणी आधी म्हटलं ते बघायचं.

सातपूरकर

हे मात्र आमच्या स्कॅनसारखंच झालं, प्रत्येकाला आपापली पाळी.

तन्मय_कॉलेजरोड

आता एक नवी शंका. ‘हा प्रोग्राम प्रत्येक इनपुटवर थांबतो’ ही लँग्वेज कुठे बसते? ‘हो’ची बाजूही दिसत नाही, कारण इनपुट अनंत आहेत.

सुनंदा_म

दोन्ही बाजू नाहीत. एक मी दाखवते. `m` हा `w` वर थांबत नाही हे तुला ओळखायचं आहे असं समज. नवा प्रोग्राम लिही: इनपुट `n` आलं की `m` ला `w` वर फक्त `n` पावलं चालवायचं. तेवढ्यात तो थांबला तर मुद्दाम फिरत बसायचं, नाही थांबला तर थांबायचं. हा नवा प्रोग्राम प्रत्येक इनपुटवर तेव्हाच थांबतो, जेव्हा `m` हा `w` वर कधीच थांबत नाही. म्हणून तुझी लँग्वेज रेकग्नायझेबल असती तर न थांबणंही ओळखता आलं असतं, आणि ते अशक्य आहे हे तूच वर दाखवलंस. कॉम्प्लिमेंटची बाजू तू इथे लिही.

तन्मय_कॉलेजरोड

लिहितो. नवा प्रोग्राम इनपुटकडे बघतच नाही, सरळ `m` ला `w` वर चालवतो. `m` थांबला तर हा प्रत्येक इनपुटवर थांबतो, नाही थांबला तर एकाही इनपुटवर थांबत नाही. त्यामुळे ‘कुठल्या तरी इनपुटवर थांबत नाही’ हे ओळखता आलं तर ‘`m` हा `w` वर थांबत नाही’ हेही ओळखता येईल, आणि ते तर येत नाही.

सुनंदा_म

पुरावा पूर्ण आहे. पेपरात लिहिताना एवढंच जपायचं: नवा प्रोग्राम फक्त लिहून रेकग्नायझरकडे द्यायचा, आपण स्वतः तो चालवायचा नाही. तपासणारे नेमकं तिथेच गुण कापतात.